पाणी की मॅनिटॉल? मार्गदर्शकाच्या शेऱ्यांना दिलेले उत्तर

मिठाच्या पाण्यात भिजवलेला मूग कमी उगवतो, हे दाखवायला शेजारी साध्या पाण्यातला मूग ठेवला की पुरते. तो का कमी उगवतो, हे सांगायला मात्र तेवढे पुरत नाही. एम.एस्सी.च्या वनस्पतिशास्त्राच्या प्रकल्पात नेमक्या याच फटीत मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांची गाठ पडते. विद्यार्थ्याने तुलनेसाठी साध्या पाण्याऐवजी मॅनिटॉल नावाच्या साखरेसारख्या पदार्थाचे द्रावण घेतलेले असते आणि अहवालाच्या मसुद्यावर शेरा येतो : ‘कंट्रोल म्हणून मॅनिटॉल का? सगळे डिस्टिल्ड वॉटर घेतात.’ अशा शेऱ्याला काय उत्तर द्यायचे, कुठे ठाम राहायचे आणि कुठे अहवालच नव्हे तर प्रयोगही बदलायचा, हे या एका उदाहरणातून नीट पाहता येते. उदाहरणातले उगवणीचे आकडे कल्पित आहेत; द्रावणांचे हिशेब मात्र खरे आहेत.

प्रयोग साधा आहे. पेट्री डिशमध्ये फिल्टर पेपर, त्यावर मुगाचे २५ दाणे आणि ५ मिलिलिटर द्रावण. अशा चार डिश साध्या डिस्टिल्ड पाण्याच्या, चार मिठाच्या आणि चार मॅनिटॉलच्या. मिठाचे द्रावण १०० मिलिमोलर, म्हणजे लिटरला सुमारे ५.८ ग्रॅम मीठ. माती किंवा पाणी किती खारे आहे हे त्यातून वीज किती सहज वाहते यावरून मोजतात. त्या मापात हे द्रावण मीटरला सुमारे १० डेसिसीमेन्स भरते. मातीच्या अर्काचे माप ४ च्या वर गेले की तिला क्षारयुक्त म्हणतात. सांगली-कोल्हापूरकडच्या क्षारपड उसाच्या रानांत किंवा कोकणातल्या खारजमिनीत बियाण्याची गाठ अशाच पाण्याशी पडते. तिसऱ्या दिवशी डिश उघडायच्या आणि ज्या दाण्याचे मूळ २ मिलिमीटर बाहेर आले तो उगवला असे धरायचे. समजा, पाण्यात शंभरातले ९६ दाणे उगवले, मॅनिटॉलमध्ये ८० आणि मिठात ५६.

मसुद्यात विद्यार्थ्याने मिठाची तुलना मॅनिटॉलशी केली, पाण्याचे आकडे परिशिष्टात टाकले आणि शीर्षक दिले ‘मुगाच्या उगवणीवर सोडियमची विषबाधा’. मॅडमच्या पेन्सिलीने समासात शेरे उमटले ते यावर.

पहिल्या शेऱ्याचे उत्तर समजण्यासाठी मीठ बियाण्याचे दोन वेगळ्या वाटांनी नुकसान करते हे ध्यानात घ्यावे लागते. उगवायचे तर दाण्याने आधी पाणी शोषून फुगायला हवे. पाण्यात काहीही विरघळलेले असले की ते पाणी दाण्याच्या आत ओढले जाणे अवघड होते. द्रावण जणू पाणी धरून ठेवते. लोणच्यातली कैरी मिठाने सुरकुतते त्यामागे हेच कारण आहे. याला परासरणाचा म्हणजे ऑस्मोटिक ताण म्हणतात आणि तो विरघळलेल्या कणांच्या संख्येवर ठरतो, ते कण कशाचे आहेत यावर नाही. दुसरी वाट वेगळी आहे. सोडियम आणि क्लोराइड हे आयन दाण्याच्या आत शिरतात, एन्झाइमांच्या कामात अडथळा आणतात, पोटॅशियमची जागा बळकावतात. ही खरी विषबाधा. पाणी असूनही न मिळणे आणि मिळालेल्या पाण्यातून विष येणे, या दोन गोष्टी उगवणीच्या टक्क्यात मात्र एकसारख्याच दिसतात.

साध्या पाण्याशी तुलना केली तर ९६ आणि ५६ यांतला ४० चा फरक मिळतो. त्यात दोन्ही वाटांचे नुकसान एकत्र मोजलेले असते. मॅनिटॉल हा सहा कार्बनांचा, विद्युतभार नसलेला रेणू आहे. तो पाणी धरून ठेवतो, पण सोडियम-क्लोराइडसारखे आयन देत नाही. मिठाइतकाच ऑस्मोटिक ताण देणाऱ्या मॅनिटॉलमध्ये ८० दाणे उगवले, तर पाणी न मिळण्याने गेले ते १६ आणि उरलेले २४ त्यापलीकडच्या कशाने तरी. विद्यार्थ्याचा बचाव इथे उभा राहतो. उत्तरात तो असा लिहिता येतो :

‘मॅडम, मिठाने उगवण घटते का, एवढाच प्रश्न असता तर डिस्टिल्ड वॉटर हाच कंट्रोल योग्य होता. अहवालाचा प्रश्न घट का होते असा आहे. पाण्याशी तुलना केली तर ऑस्मोटिक ताण आणि आयनांचा परिणाम वेगळे काढता येत नाहीत. म्हणून मॅनिटॉलचा संच ठेवावा, अशी विनंती आहे.’

‘आधीच्या अनेकांनी मॅनिटॉल वापरले आहे’ असे म्हणून हा बचाव होत नाही. ‘सगळे पाणी घेतात’ या शेऱ्याला ‘काही जण मॅनिटॉल घेतात’ हे उत्तर म्हणजे दोन रांगांतली माणसे मोजणे. प्रयोगाने विचारलेला प्रश्न आणि त्या प्रश्नातली नको असलेली शक्यता यांच्यावरून कंट्रोल ठरतो, म्हणून त्याचा बचावही तिथूनच करावा लागतो.

या विचाराला जुना आधार आहे. कुजणाऱ्या मांसात अळ्या आपोआप निर्माण होतात, हा समज तपासताना इटलीच्या फ्रान्सेस्को रेदीने १६६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मांसाची काही भांडी उघडी ठेवली आणि काही घट्ट बंद केली. बंद भांड्यांत अळ्या झाल्या नाहीत. पण बंद भांड्यात हवाही जात नव्हती. अळ्या न होण्याचे कारण तेच असू शकले असते. म्हणून त्याने आणखी काही भांड्यांच्या तोंडाला बारीक जाळीचे कापड बांधले. हवा आत गेली, माशा बाहेर राहिल्या आणि मांसात अळ्या झाल्याच नाहीत. मुगाच्या प्रयोगातले मॅनिटॉल हे ते जाळीचे कापड आहे : पाण्याची ओढाताण आत येऊ देणारे आणि आयन बाहेर ठेवणारे.

दुसरा शेरा पहिल्याहून बारीक असतो : ‘मीठ १०० मिलिमोलर आणि मॅनिटॉल १८६? तुलना समान कशी?’ इथे उलट चूक फार सहज होते. दोन्ही द्रावणे १०० मिलिमोलर ठेवली तर कागदावर ती समान दिसतात, पण बियाण्याला समान नसतात. मीठ पाण्यात विरघळताना त्याच्या प्रत्येक एककाचे दोन आयन होतात, मॅनिटॉलचा रेणू एकच राहतो. म्हणजे तेवढ्याच ताणासाठी मॅनिटॉल दुप्पट, २०० मिलिमोलर हवे. आयन एकमेकांना थोडे ओढत असल्याने या प्रमाणाला मीठ पूर्ण दुप्पट परिणाम देत नाही, त्याच्या सुमारे ९३ टक्के देते. म्हणून आकडा १८६ वर येतो. लिटरला हे सुमारे ३४ ग्रॅम मॅनिटॉल होते. २५ अंश सेल्सिअसला दोन्ही द्रावणांचा ऑस्मोटिक ताण सुमारे ०.४६ मेगापास्कल निघतो, म्हणजे मोटारीच्या टायरमध्ये भरतात त्या दाबाच्या दुपटीहून थोडा जास्त. पाणी ओढून घेताना मुगाला एवढ्याशी झुंजावे लागते.

या शेऱ्यातून एक गोष्ट उघड होते : वाचणाऱ्याला हा हिशेब दिसला नाही, याचा अर्थ तो मसुद्यात नव्हता. निवड बरोबर असूनही दोष अहवालाचाच. उत्तरात हिशेबाच्या चार ओळी द्यायच्या आणि त्याच ओळी ‘साहित्य व पद्धती’ या प्रकरणात घातल्याचे सांगायचे, कारण मॅडमना पडलेला प्रश्न बाहेरच्या परीक्षकालाही पडणार. विभागात ऑस्मोमीटर असेल तर दोन्ही द्रावणे त्यावर मोजून आकडे जोडावेत. वजन करताना झालेली चूक त्यात लगेच पकडली जाते.

मॅनिटॉलच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे. पेट्री डिशमधले पाणी तीन दिवसांत थोडे उडते, मीठ मात्र उडत नाही. पाच मिलिलिटरमधले एक मिलिलिटर उडाले की १०० मिलिमोलरचे द्रावण १२५ चे होते. अशा वेळी पाण्याच्या डिशशी केलेली तुलना बिघडते, कारण पाण्याची डिश कोरडी पडेल पण खारट होणार नाही. मॅनिटॉलचे द्रावणही त्याच प्रमाणात दाट होते, त्यामुळे ही जोडी बरीचशी बरोबरीने चालते. अर्थात दोन्ही डिशमधून सारखेच पाणी उडाले असेल तरच. डिशच्या कडा पॅराफिल्मने बंद करणे आणि सुरुवातीला व शेवटी डिशचे वजन करणे हा त्यावरचा स्वस्त उपाय. मसुद्यात ही वजने नसतील, तर हा मुद्दा बचावात घेऊ नये.

तिसऱ्या शेऱ्यात मार्गदर्शकाची बाजू अधिक भक्कम आहे : ‘मॅनिटॉल बियाण्यात शिरते. पीईजी का नाही?’ हे खरे आहे. मॅनिटॉलचा रेणू लहान असतो; तो हळूहळू दाण्यात जातो आणि गेला की बाहेरचा-आतला फरक कमी होतो. मग मॅनिटॉलमध्ये ऑस्मोटिक ताण ठरवला होता त्यापेक्षा कमी पडतो, उगवण थोडी जास्त दिसते आणि ‘उरलेले २४’ फुगवून दाखवले जातात. शिवाय बुरशीला मॅनिटॉल आवडते. दाणे नीट निर्जंतुक केले नाहीत तर तिसऱ्या दिवशी डिशमध्ये पांढरी लव दिसते. पॉलिइथिलीन ग्लायकॉल ६००० चे रेणू इतके मोठे असतात की ते पेशीभित्तिकेतून आत जात नाहीत. पाणी अडवण्याचे काम ते जास्त स्वच्छपणे करतात.

पीईजीच्याही अडचणी आहेत. त्याचे द्रावण घट्टसर असते, त्यातून प्राणवायू दाण्यापर्यंत हळू पोचतो आणि मग उगवण त्यामुळेही घटते. फिल्टर पेपर पाणी शोषतो पण पीईजी फारसे घेत नाही, म्हणून डिशमधले उरलेले द्रावण ठरवल्यापेक्षा दाट होते. त्याचा ताणही प्रमाणात सरळ वाढत नाही. त्यासाठी मिशेल आणि कॉफमन यांनी १९७३ मध्ये दिलेले सूत्र वापरावे लागते. त्या सूत्राने ०.४६ मेगापास्कलसाठी २५ अंशांना एक किलो पाण्यात सुमारे १९० ग्रॅम पीईजी लागते. थोडक्यात, एकात कमी ताण पडण्याची भीती, दुसऱ्यात जास्त.

दोघांचे दोष उलट दिशेचे आहेत, हीच गोष्ट उपयोगी पडते. उत्तरात मॅनिटॉलचा हट्ट न धरता लिहावे की मॅनिटॉल ठेवले आहे आणि त्याच ताणाचा पीईजीचा एक संच वाढवत आहे. दोन्हींत उगवण मिठापेक्षा स्पष्टपणे जास्त राहिली, तर निष्कर्ष कोणत्याही एका पदार्थाच्या खोडीवर उभा राहत नाही. पीईजीमध्ये उगवण मिठाइतकीच खाली गेली, तर विषबाधेचा दावा मागे घ्यावा लागेल किंवा निदान प्राणवायूचा प्रश्न सुटेपर्यंत थांबवावा लागेल. प्रयोग करण्यापूर्वीच हे लिहून ठेवलेले बरे. आकडे हाती आल्यावर प्रत्येकाला आपल्या सोयीचे कारण सुचते.

यानंतर पाण्याच्या संचाचा प्रश्न येतो आणि इथे विद्यार्थ्याने पूर्ण माघार घ्यायला हवी. पाण्याचे आकडे परिशिष्टात टाकण्यासारखे नव्हते. बियाणे मुळात किती जिवंत आहे हे त्यावाचून कळत नाही. मुगात तर एक खास अडचण असते : गणंग दाणे. भिजत घातलेल्या मुगात काही दाणे खड्यासारखे कडक राहतात. त्यांच्या टरफलातून पाणी आत शिरतच नाही. ते मेलेले नसतात आणि मिठानेही अडलेले नसतात. पाण्यात न उगवलेल्या चार दाण्यांपैकी तीन गणंग असतील, तर मिठातल्या आणि मॅनिटॉलमधल्या न उगवलेल्या दाण्यांतही तेवढे गणंग असणार आणि त्यांचा दोष मिठाच्या माथी मारता येणार नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे : न फुगलेला, टणक, चकचकीत दाणा वेगळा मोजायचा. मसुद्यात तशी मोजणी नव्हती. सुधारित मसुद्यात पाणी हा मूळ कंट्रोल आणि मॅनिटॉल हा ऑस्मोटिक कंट्रोल अशी दोन नावे, आणि दोन्हींचे आकडे एकाच तक्त्यात. खरे तर मॅडमच्या पहिल्या शेऱ्यातला निम्मा गैरसमज ‘कंट्रोल’ हा एकच शब्द मॅनिटॉलला लावल्यामुळे झालेला असतो.

चौथा शेरा आकडेशास्त्राचा आहे आणि त्याला बचावच नाही. विद्यार्थ्याने प्रत्येक संचाचे १०० दाणे स्वतंत्र धरून काय-वर्ग चाचणी लावली आणि फरक अत्यंत अर्थपूर्ण निघाला. पण दाणे स्वतंत्र नसतात. एका डिशमधल्या २५ दाण्यांना एकच कागद, एकच द्रावण, एकच झाकण असते. एका डिशवर झाकण सैल राहिले तर पंचविसांनाही ते भोवते. प्रयोगाचे एकक म्हणजे डिश, आणि अशा डिश प्रत्येक संचात चारच आहेत. या चुकीला छद्म-पुनरावृत्ती म्हणतात; परिस्थितिशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये हे नाव रूढ केले. गणित नव्याने करणे सोपे आहे : प्रत्येक डिशचा टक्का काढायचा आणि चार-चार टक्क्यांची तुलना करायची. फरक त्यातही टिकू शकतो, पण आता तो चार आकड्यांच्या बळावर बोलेल, शंभरांच्या नाही.

त्याहून वाईट गोष्ट मॅडमच्या एका छोट्या प्रश्नातून बाहेर येते : ‘डिश इन्क्युबेटरमध्ये कशा ठेवल्या होत्या?’ वहीत लिहिलेले असते : पाण्याच्या चार वरच्या कप्प्यात, मॅनिटॉलच्या मधल्या, मिठाच्या खालच्या. लेबले बघायला सोयीचे म्हणून. इन्क्युबेटरच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांत एक-दोन अंशांचा फरक असू शकतो आणि उगवणीला तेवढा फरक कळतो. मग मिठात उगवण कमी झाली ती मिठाने की खालच्या कप्प्याने, हे या आकड्यांतून कोणालाही सांगता येणार नाही. ही चूक कोणत्याही चाचणीने धुऊन निघत नाही. उत्तरात ‘पुढच्या वेळी काळजी घेऊ’ हे वाक्य इथे चालत नाही. प्रयोग पुन्हा करावा लागतो आणि तसे लिहावे लागते :

‘डिश संचवार कप्प्यांत ठेवल्याने कप्प्याचा परिणाम वेगळा काढता येत नाही. त्यामुळे आताचे आकडे प्राथमिक म्हणूनच दाखवले आहेत. चार ट्रे, प्रत्येक ट्रेमध्ये प्रत्येक संचाची एक डिश चिठ्ठी टाकून ठरवलेल्या जागी, अशा रचनेत प्रयोग पुन्हा करीत आहे.’

पीईजी धरून आता संच चार, ट्रे चार, म्हणजे १६ डिश आणि ४०० दाणे. प्रत्येक कप्प्यात चारही संच असल्याने कप्पा गरम असो वा थंड, तो सगळ्यांना सारखाच लागतो.

उरलेला शेरा शीर्षकावर आहे : ‘सोडियम कशावरून?’ मिठात सोडियमही आहे आणि क्लोराइडही. मॅनिटॉलने फार तर एवढे दाखवले की नुकसानाचा काही भाग पाणी न मिळण्यापलीकडचा आहे. तो कोणत्या आयनाचा, हे पोटॅशियम क्लोराइड किंवा सोडियम सल्फेटचे संच लावल्याशिवाय कळणार नाही, आणि तेव्हाही पोटॅशियमचे स्वतःचे परिणाम आड येतातच. शिवाय १६ आणि २४ अशी वजाबाकी करताना दोन्ही ताण एकमेकांत न मिसळता केवळ बेरजेने काम करतात असे गृहीत धरलेले आहे. पाण्याअभावी आधीच थकलेल्या दाण्याला तेच विष जास्त लागू शकते. म्हणून शीर्षक ‘मुगाच्या उगवणीवर मिठाचा ऑस्मोटिक व त्यापलीकडचा परिणाम’ असे होते आणि चर्चेतल्या ‘सिद्ध होते’ या दोन जागा ‘सूचित होते’ अशा बदलतात.

विषबाधेच्या दाव्याला बळ देणारी एक तपासणी मात्र जवळजवळ फुकट मिळते आणि ती मॅडमने सुचवलेली नसली तरी उत्तरात विद्यार्थ्याने स्वतःहून जोडण्यासारखी आहे. मोजणी झाल्यावर न उगवलेले पण फुगलेले दाणे धुऊन साध्या पाण्यात ठेवायचे. केवळ पाणी न मिळाल्याने थांबलेला दाणा पाणी मिळताच बहुधा मोड काढतो. आयनांनी आतून बिघडलेला दाणा बऱ्याचदा काढत नाही, नाही तर मूळ तपकिरी, आखूड निघते. मॅनिटॉलमधले दाणे जवळजवळ सगळे सावरले आणि मिठातले अर्धेच, तर पाण्याच्या ओढाताणीपलीकडे काही झाले होते याचा हा स्वतंत्र पुरावा ठरतो. इथे मॅनिटॉल दाण्यात शिरते ही जुनी तक्रार फारशी आड येत नाही.

उत्तराची मांडणी यानंतर फारशी अवघड राहत नाही. प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवायचा, खाली उत्तर आणि त्याखाली मसुद्यात काय बदलले ते पान क्रमांकासह. सगळ्या शेऱ्यांखाली ‘सूचनेप्रमाणे बदल केला’ असे लिहिणारा विद्यार्थी मॅनिटॉलही गमावतो, आणि सगळ्यांखाली बचाव लिहिणारा कप्प्यांची चूक लपवतो. या उदाहरणात पाचांपैकी पहिल्या शेऱ्यावर निवड कायम ठेवली आहे आणि नाव बदलले आहे, दुसऱ्यावर हिशेब जोडला आहे, तिसरा अर्धा मान्य करून संच वाढवला आहे, चौथ्यासाठी प्रयोग नव्याने लावला आहे आणि पाचव्यावर शीर्षक सोडून दिले आहे. मोजणीला तीन दिवस, सावरण्याच्या तपासणीला आणखी तीन, आकडेमोडीला एक; उत्तराच्या शेवटी सुधारित मसुदा देण्याची तारीख त्या हिशेबाने लिहायची, आणि नवे आकडे उलटे निघाले तर कोणता परिच्छेद काढून टाकला जाईल तेही.